कॉफीची पूड आणि दिवसांचा हिशेब

माझ्या मोठ्या बहिणीच्या घरी गेली तीस वर्षे फिल्टर कॉफी होते. दूल्हाभाई नोकरीनिमित्त बंगळूरला होते, तिथून ही सवय मुंबईत आली आणि राहिली. पितळेचा फिल्टर जाऊन स्टीलचा आला, एवढाच काय तो बदल. कॉफी मात्र माटुंग्याच्या एका जुन्या दुकानातून दळून आणलेली, चिकोरी मिसळलेली. एका वेळी अर्धा किलो.

गेल्या वर्षी भाचा बंगळूरहून सुट्टीला आला. तो आता दूध न घालता काळी कॉफी पितो. सोबत हाताने फिरवायचा एक छोटा ग्राइंडर आणि भाजलेल्या दाण्यांचे पाकीट घेऊन आला होता. पहिल्याच सकाळी त्याने आईचा डबा उघडून वास घेतला आणि म्हणाला, ''अम्मी, ही कॉफी मेलेली आहे. दळल्यावर पंधरा मिनिटांत कॉफी संपते. तू तीस वर्षे भुसा पितेयस.'' आपा काही बोलली नाही. तिने नेहमीप्रमाणे फिल्टर लावला, पण त्या दिवशी मला कप देताना म्हणाली, ''बघ रे, तुला भुसा लागतो का?''

मला तो भुसा लागला नाही. पण भाच्याच्या दाण्यांची कॉफी प्यायल्यावर त्याचे म्हणणे अगदीच खोटे आहे, असेही म्हणता येईना. मग या प्रश्नाच्या जरा मुळाशी जावेसे वाटले. कारण हा वाद फक्त आमच्या घरातला नाही. ज्यांना नवी कॉफी कळू लागली आहे, ते पूड विकत घेणाऱ्याला अडाणी ठरवतात. आणि जे वर्षानुवर्षे पूड आणतात, ते दाण्यांच्या गोष्टी म्हणजे श्रीमंतांचे चोचले समजतात. माझे मत असे झाले आहे की दोघेही चुकीच्या गोष्टीवर भांडत आहेत. दाणा की पूड, हा खरा प्रश्न नाही. दळल्यापासून कपात येईपर्यंत किती दिवस जातात आणि त्या कपात आणखी काय काय पडते, हा प्रश्न आहे.

दळल्यावर नेमके काय होते

कच्च्या, हिरव्या कॉफीला आपण ओळखतो तो वास नसतो. तो भाजताना तयार होतो. भाजणीत दाणा फुगतो, आतून सच्छिद्र होतो आणि त्याच्या असंख्य बारीक कप्प्यांत कार्बन डायऑक्साइड वायू कोंडला जातो. वास देणारी द्रव्ये आणि तेलही त्याच कप्प्यांत असतात. भाजलेल्या कॉफीत अशी आठशेहून जास्त उडून जाणारी द्रव्ये सापडली आहेत. त्यांतली काही थोडीच वास ठरवतात, आणि जी सर्वांत आधी नाकाला जाणवतात तीच सर्वांत चंचल असतात. ताज्या कॉफीचा जो झणका येतो, त्यात गंधकयुक्त द्रव्यांचा मोठा वाटा आहे, आणि त्यांतली काही फारच लवकर उडतात.

अख्खा दाणा ही या सगळ्यांची कुपी आहे. बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड आतल्या वासाचे रक्षणही करतो, कारण तो बाहेर येत असेपर्यंत ऑक्सिजनला आत शिरणे कठीण जाते. दळणे म्हणजे ही कुपी फोडणे.

हिशेब सोपा आहे. दाणा सात मिलिमीटरचा गोळा आहे असे धरा, आणि तो 0.7 मिलिमीटरच्या कणांपर्यंत दळला असे समजा. एका दाण्याचे 1000 कण झाले आणि हवेला लागणारा पृष्ठभाग दहापट वाढला. पण खरी गंमत पुढे आहे. वायू किंवा वास पदार्थाच्या आतून झिरपत बाहेर यायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाप्रमाणे बदलतो. अंतर दहापट कमी झाले, की वेळ शंभरपट कमी होतो. म्हणजे अख्ख्या दाण्यातून निघायला ज्याला एक आठवडा लागला असता, ते कणातून कागदावरच्या हिशेबाने दोन तासांच्या आत निघून जाते. प्रत्यक्ष दाणा गुळगुळीत गोळा नसतो, कण एकसारखे नसतात, म्हणून हा आकडा जसाच्या तसा धरू नये. पण घसरण केवढी मोठी आहे ते यावरून कळते. दळताना सगळ्या घरात जो वास दरवळतो, त्याने आपण खूश होतो. तो वास कपात जाणारा होता, तो घरात गेला.

भाच्याचे ''पंधरा मिनिटे'' कुठून आले तेही सांगतो. कॉफीच्या व्यवसायात एक पंधराचा नियम ऐकू येतो. हिरवी कॉफी पंधरा महिने, भाजलेली पंधरा दिवस आणि दळलेली पंधरा मिनिटे. लक्षात ठेवायला सोपा आहे आणि दिशाही बरोबर आहे. पण तो वाचून असे वाटते की सोळाव्या मिनिटाला कॉफीचे निधन होते. तसे होत नाही. कारण कॉफी शिळी होणे ही एक घटना नसून तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिन्हींची घड्याळे वेगळी आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे वास उडणे. ती दळताक्षणी सुरू होते आणि पहिल्या काही तासांत, फार तर एकदोन दिवसांत सर्वांत जास्त होते. फुलासारखा, फळासारखा, नाजूक वास यात जातो. दुसरी गोष्ट म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनने तेल आणि वासाची द्रव्ये बिघडणे. ती सावकाश चालते, दिवस आणि आठवड्यांच्या मापाने. तिच्यामुळे कॉफी नुसती फिकी न राहता पुठ्ठ्यासारखी, मग खवट लागू लागते. तिसरी गोष्ट दमट हवेची. पूड ओल शोषून घेते आणि ओलीमुळे बिघाड वेगाने होतो. मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यात हे घड्याळ इतर दोघांपेक्षा पुढे पळू शकते. चिकोरी मिसळलेली असेल तर आणखीच, कारण चिकोरी ओल चटकन ओढते. डब्यात पूड ढेकळासारखी जमली, की समजावे डब्यात ओल शिरली आहे.

भाच्याने पहिल्या घड्याळाकडे पाहून निकाल दिला. आपाच्या कपाचे भवितव्य मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या घड्याळावर अवलंबून होते.

आमच्या स्वयंपाकघरातली परीक्षा

वाद तोंडाने मिटेना, म्हणून आम्ही एक परीक्षा घेतली. माटुंग्याहून भाजलेले दाणे आणले, अडीचशे ग्रॅम. चिकोरीची पूड वेगळी आणली. त्यांतले सव्वाशे ग्रॅम दाणे भाच्याने आपल्याच ग्राइंडरवर पहिल्या दिवशी दळले. एका वेळी वीस-पंचवीस ग्रॅम मावतात, त्यामुळे पाच-सहा खेपा झाल्या आणि त्याचा खांदा भरून आला. उरलेले दाणे अख्खे ठेवले. दोन्ही सारख्याच डब्यांत, एकाच कपाटात. दाणे एकाच भाजणीचे, ग्राइंडर एकच, भरडही एकच. फरक फक्त एवढाच, की एक भाग आधी दळलेला आणि दुसरा त्या त्या वेळी दळायचा.

कप तीन ठेवायचे. दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता ते ओळखायचे. भाची कप भरायची आणि बशीखाली चिठ्ठी ठेवायची. आम्ही तिघे, म्हणजे आपा, भाचा आणि मी, चव घेणारे. सकाळी पंधरा ग्रॅमची काळी कॉफी, गरम पाण्याने पातळ केलेली. संध्याकाळी चिकोरी घालून, दूध आणि थोडी साखर घालून. असे चार वेळा केले. दळल्यावर तासाभराने, दुसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी.

निकाल असा. तासाभरानंतर काळ्या कॉफीत फक्त भाच्याने ओळखले. दुसऱ्या दिवशी त्याने आणि मी. आठव्या दिवशी तिघांनीही, पहिल्याच घोटाला. जुन्या पुडीची काळी कॉफी कडू तेवढी राहिली होती, तिच्यातले बाकीचे गेले होते.

दुधाच्या कॉफीची गोष्ट वेगळी निघाली. तासाभरानंतर तिघांपैकी एकाने बरोबर सांगितले, दुसऱ्या दिवशीही एकानेच, आणि तेही दुसऱ्याच माणसाने. तीन कपांतून डोळे मिटून बोट ठेवले तरी तिघांत एक बरोबर येतोच. म्हणजे आम्हाला काहीच कळत नव्हते. त्यात भाचाही आला. आठव्या दिवशी आपाने आणि भाच्याने ओळखले, मी चुकलो. आपा म्हणाली, ''वाईट नाही, पण उतरलेली आहे.'' पंधराव्या दिवशी मात्र दुधातही तिघांनी ओळखले. आता ती फिकी नव्हती, तिला जुन्या तेलासारखा वास होता, आणि तो दुधाने लपत नव्हता.

तीन माणसे आणि एक पाकीट याला कोणी संशोधन म्हणणार नाही. आमची नाके काही तयार नाहीत आणि दुसऱ्या घरात दिवस पुढेमागे होतील. पण निकालाचा आकार कारणांशी जुळतो. दुधातली चरबी वासाची द्रव्ये स्वतःत धरून ठेवते, साखर कडूपणा झाकते, आणि चिकोरी म्हणजे एका वनस्पतीचे भाजलेले मूळ. ती कपाला रंग, घट्टपणा आणि भाजकी गोड-कडू चव देते, कॉफीचा वास देत नाही. जो नाजूक वास पहिल्या दिवशी उडतो, तो दुधा-चिकोरीच्या कपात तसाही ऐकू येत नव्हता. त्याच्या जाण्याचा शोक कशाला करायचा? खवटपणा मात्र ऐकू येतो, आणि त्याला आठवडा ते पंधरवडा लागतो.

आपाची चूक कुठे होती

म्हणजे आपा बरोबर आणि भाचा चूक? तसेही नाही. आपाकडे दिवसाला साधारण तीस ग्रॅम पूड लागते. अर्धा किलो आणला की तो सोळा दिवस पुरतो. म्हणजे डब्याच्या वरच्या थराची कॉफी चांगली आणि तळाची पंधरा-सोळा दिवसांची. भाच्याने ज्या दिवशी डबा हुंगला, त्या दिवशी तो तळाला आला होता! शिवाय डबा गॅसच्या वरच्या फळीवर. खालून रोज फोडणीची वाफ आणि ऊब. डबा मोठा, पूड कमी होत जाईल तशी आत हवा जास्त. दिवसातून दोनदा झाकण उघडले की आत जमलेला वास बाहेर आणि नवी हवा आत.

दोष पुडीचा नव्हता, अर्ध्या किलोचा आणि फळीचा होता. उपाय साधा होता. एका वेळी अडीचशे ग्रॅम आणायची, ती आठ दिवसांत संपते. घरी आणल्यावर दोन लहान, घट्ट झाकणाच्या डब्यांत काठोकाठ भरायची आणि एक संपेपर्यंत दुसरा उघडायचा नाही. डबा शेगडीपासून लांब, अंधाऱ्या कपाटात. ज्यांना दर आठवड्याला दुकान गाठणे जमत नाही, त्यांनी दुसरा डबा नीट बंद करून फ्रीझरमध्ये ठेवावा. तो काढल्यावर लगेच उघडायचा नाही. रात्री बाहेर काढून सकाळी उघडावा, नाहीतर थंड पुडीवर हवेतले पाणी जमते आणि वाचवायला गेलो तेच बिघडते. एकदा उघडला की परत फ्रीझरमध्ये नाही. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रोजचा डबा ठेवण्यात काहीच लाभ नाही. तिथे ओल आहे, शेजारी चिरलेला कांदा आहे, आणि कॉफी दोन्हींचा वास घेते.

दळून देणाऱ्या दुकानातही दोन गोष्टी पाहाव्यात. मोठ्या चक्कीत आधीच्या गिऱ्हाइकाची थोडी पूड अडकून राहते, आणि तुमच्या पाकिटात सुरुवातीला तीच पडते. गर्दीच्या वेळी चक्की सतत चालते, मागची पूड ताजी असते. दुपारी बंद पडलेल्या चक्कीतून पहिले दळण घ्यायचे असेल तर चिमूटभर आधी बाहेर काढायला सांगावे. दुसरे, दाणे कधी भाजले ते विचारावे. दुकानात समोर भाजणी होत असेल तर प्रश्नच नाही. प्लांटेशन ए की पीबेरी, चिकोरी वीस टक्के की तीस, याची चौकशी आपण हौसेने करतो आणि भाजणीची तारीख विचारायचे राहून जाते.

तयार पाकिटातल्या पुडीबद्दलही हेच. विटेसारखे कडक, हवा काढलेले पाकीट पाहून वाटते की आत सगळे जसेच्या तसे कोंडले आहे. पण ताजी पूड कार्बन डायऑक्साइड सोडत राहते. ती लगेच अशी बंद केली तर पाकीट फुगेल. म्हणून कारखान्यात पूड आधी काही काळ ठेवून तिच्यातला वायू जाऊ दिला जातो, आणि वायूबरोबर वासाचा एक हिस्साही जातो. अशा पाकिटाने दुसरे घड्याळ, ऑक्सिजनचे, बरेच दिवस थांबते. पहिले घड्याळ तोवर बरेचसे चाललेले असते. आणि पाकीट फोडताक्षणी दुसरेही सुरू होते. छापलेली अंतिम तारीख न फोडलेल्या पाकिटाची असते, तुमच्या डब्याची नव्हे. एक आणखी नजर टाकावी ती चिकोरीच्या आकड्यावर. आपल्याकडच्या नियमानुसार कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात किमान 51 टक्के कॉफी असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावे लागते. जिथे निम्मी चिकोरी आहे, तिथे दाण्यांच्या ताजेपणाची चर्चा निम्म्या कपापुरतीच उरते.

दाणे घेऊन मिक्सरमध्ये?

भाच्याचे ऐकून आपाच्या शेजारणीने दाणे आणले आणि मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवले. कॉफीला धण्याचा वास आला, तो भाग सोडून द्या. खरा घोटाळा भरडीचा झाला. मिक्सरचे पाते दाणा दळत नाही, आपटून फोडते. काही कण पिठासारखे बारीक होतात, काही रव्याहून जाड राहतात. फिल्टरमध्ये ते पीठ जाळीची भोके बुजवते आणि डिकॉक्शन तासभर थेंब थेंब पडत राहते. बारीक कणांतून नको तेवढा कडूपणा उतरतो आणि जाड कणांतून चव उतरतच नाही. एकाच कपात कडू आणि पाणचट दोन्ही. जास्त वेळ फिरवले तर पूड गरम होते आणि वास भांड्यातच उडतो.

दाण्यासाठी जात्याच्या तत्त्वाचा ग्राइंडर लागतो, ज्यात दोन दातेरी तुकड्यांच्या मधल्या ठरावीक फटीतून दाणा भरडून जातो. हाताचा बरा ग्राइंडर काही हजार रुपयांना येतो. एका माणसाच्या पंधरा ग्रॅमला मिनिट-दोन मिनिटे लागतात. ते भाच्याला परवडते. आपाच्या सांधे धरलेल्या बोटांना रोज दोन वेळा तीस ग्रॅम दळणे परवडत नाही. ही सबब नाही, हा हिशेबाचाच भाग आहे. वाईट दळलेल्या ताज्या दाण्यांपेक्षा चांगली दळलेली चार दिवसांची पूड अधिक चांगली कॉफी देते. हे मी खात्रीने लिहितो, कारण शेजारणीकडे दोन कप प्यालो आहे.

पूड विकणे हीसुद्धा एक परंपरा आहे

दाण्यांचा आग्रह नवा नाही. उलट तीच जुनी रीत आहे. अरबी गहव्याच्या बैठकीत पाहुण्यासमोर दाणे भाजायचे, खलात कुटायचे आणि लगेच उकळायचे, हा आदरातिथ्याचाच भाग. 2015 साली युनेस्कोने अरबी कॉफीला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा सौदी अरब, अमिराती, ओमान आणि कतार यांच्या नावाने हीच रीत नोंदवली गेली. आपल्याकडे कॉफी आली ती येमेनच्या मोखा बंदरातून बाबा बुदन यांनी सात दाणे आणले, या सतराव्या शतकातल्या कथेतून. चिकमंगळूरजवळचा डोंगर आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्या जगात पूड साठवून ठेवणे कोणाला सुचले नसते, कारण कुटणाऱ्याला बोलवायला पाहुणा पुरेसा होता.

पण त्याच परंपरेच्या मधोमध, इस्तंबूलमध्ये, एक दुसरी गोष्ट घडली. तिथे लोक हिरवे दाणे विकत घेऊन घरी भाजत आणि दळत. 1871 साली मेहमेत एफेंदी यांनी वडिलांच्या दुकानात कॉफी भाजून, दळून विकायला सुरुवात केली. ते दुकान आजही चालते. तुर्की कॉफीला मैद्यासारखी बारीक पूड लागते. तेवढे बारीक दळणे हातांना जड आणि बहुतेक घरगुती यंत्रांना जमत नाही. म्हणून तिथे दळलेली पूड घेणे शहाणपणाचे ठरले. पण लोक ती थोडी थोडी नेतात आणि लवकर संपवतात. यंत्र दुकानाचे, ताजेपणा गिऱ्हाइकाच्या फेऱ्यांचा. माटुंग्याची रीत तीच आहे, आणि तिच्यात काहीच कमीपणा नाही.

मग कोणी काय घ्यावे

एका घरातल्या दोन माणसांना दोन उत्तरे मिळाली, आणि दोन्ही बरोबर आहेत. भाचा दिवसाला एकच कप पितो, पंधरा ग्रॅमचा, काळा. त्याचे अडीचशे ग्रॅम सोळा दिवस पुरतात. पूड घेतली तर दुसऱ्या दिवसापासूनच त्याला फरक लागणार, आणि ज्या फळासारख्या वासासाठी तो जास्त पैसे मोजतो, तो पंधरा दिवस हवेला वाटत बसणार. त्याने दाणेच घ्यावेत. महागडे, एकाच मळ्याचे दाणे घेऊन दुकानातून दळून आणणे म्हणजे अत्तराची बाटली उघडी ठेवण्यासारखे आहे. ज्यांच्याकडे एस्प्रेसोचे यंत्र आहे त्यांनाही दाणेच हवेत. तिथे भरड जरा बदलली की कप बिघडतो, आणि दळलेली पूड पुन्हा जाड करता येत नाही.

आपाने पूड घ्यावी. दूध, साखर, चिकोरी असलेला कप, दिवसाला तीस ग्रॅमचा खप, आठ दिवसांत संपणारे पाकीट आणि घराजवळ चांगली चक्की. यांतली एखादी गोष्ट बदलली तर उत्तर पुन्हा तपासावे. घरात दोघेच उरले आणि खप निम्म्यावर आला, तर अडीचशेऐवजी सव्वाशे ग्रॅम. लग्नकार्यात शंभर माणसांना कॉफी द्यायची असेल, तर आदल्या दिवशी दळलेली पूड. ती एका सकाळीत संपणार आहे, तिला शिळे व्हायला वेळच नाही.

आपल्या डब्यात काय शिल्लक आहे हे पाहायला एक सोपी खूण आहे. पुडीवर थोडे गरम पाणी घालावे, भिजण्यापुरतेच. ताजी पूड फुगून वर येते, फेस धरते. जुनी पूड ओल्या वाळूसारखी पडून राहते. पण या खुणेलाही मर्यादा आहे. फुगणे हे वायूचे लक्षण आहे, चवीचे नाही. दळलेल्या कॉफीतला वायू चवीच्या बऱ्याच आधी जातो, आणि गडद भाजलेली कॉफी फिक्या भाजणीपेक्षा जास्त फुगते. म्हणून पूड फुगली नाही म्हणून फेकू नये. खरी परीक्षा नाकाची. वास मंद असेल तर दुधात चालेल. जुन्या शेंगदाण्यांसारखा, पुठ्ठ्यासारखा वास आला तर डबा रिकामा करून घासून घ्यावा, कारण भांड्याला चिकटलेले ते तेल नव्या पुडीलाही लागते.

भाचा परत जाण्याच्या आदल्या दिवशी आपासोबत माटुंग्याला गेला. अडीचशे ग्रॅम आणली, दोन डबे भरले, गॅसवरची फळी रिकामी केली. संध्याकाळी दुधाचा कप हातात घेऊन म्हणाला, ''मामू, पंधरा मिनिटे जरा जास्तच बोललो मी.'' आपा ओट्याशी उभी होती. तिने मागे न वळता विचारले, ''आणि भुसा?''

तो हसला आणि त्याने कप पुढे केला.